काठापर्यंत न पोचलेली रेघ

चुंबकमास्तरांच्या घरी गेलं की ते आधी माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, खिशाकडे बघतात. चाव्या, नाणी, पिना, मोबाइल. दारामागच्या स्टुलावर त्यांनी एक प्लास्टिकचं तसराळं ठेवलंय, आणि पाहुणा आत आला की त्यांचा हात आपोआप त्या तसराळ्याकडे जातो. मग त्यांना आठवतं की हे घर आहे, आणि ते हात मागे घेतात. मी मुद्दाम दर वेळी केसातल्या दोन पिना काढून त्या तसराळ्यात टाकायचे. म्हणायचे, "घ्या, मी निःशस्त्र." मास्तर हसायचे. म्हणजे मिशीचं एक टोक जरा वर जायचं. तेवढ्याला आमच्या जिन्यात हसणं धरतात.

ते मास्तर नव्हेत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही. एमआरआय सेंटरात मशीन चालवतात, किंवा चालवायचे. बावीस वर्षं काचेच्या ह्या बाजूला बसून त्या बाजूच्या माणसाला "हलू नका, आता चार मिनिटं" असं सांगत आले. मशीन म्हणजे एक मोठं चुंबक, म्हणून हे चुंबकमास्तर. नाव मीच ठेवलं. आमच्या बिल्डिंगीतली बहुतेक नावं मीच ठेवली आहेत. माझं ठेवलं लोकांनी, 'भोंगा'. मला राग नाही. भोंग्याचं कामच असतं वाजणं.

आता एमआरआयवाला शेजारी म्हणजे काय, हे ज्याला नाही त्याला कळणार नाही. कंबर, मान, खांदा, गुडघा, प्रत्येक घरात काहीतरी दुखतंच. प्रत्येक घरात ते मोठं पाकीट येतं, आत काळ्या फिल्मा, आणि रिपोर्ट यायला दोन दिवस. ते दोन दिवस कुणाला काढवत नाहीत. मग पाकीट काखोटीला मारून दुसऱ्या मजल्यावर. "मास्तर, जरा नजर टाका ना." आणि मास्तर काय करायचे? दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. अगदी शाळेतल्या शिक्षा झालेल्या पोरासारखे. "मी फोटो काढतो. वाचणारे वेगळे." बस्स. आमच्या ह्यांच्या कमरेचं पाकीट घेऊन गेले होते तेव्हा मी हात जोडले, डोळ्यात पाणी आणलं, शेवटी धमकीसुद्धा दिली की तुमच्या घरी परत चहाला येणार नाही. म्हणाले, "वहिनी, पाकीट राहू द्या. चहा घ्या, निवतोय."

लोक म्हणायचे, माणूस आखडू आहे. मीही म्हणायचे. एकदा म्हटलंसुद्धा तोंडावर, "बोलणाऱ्याची बोरं विकली जातात मास्तर, तुमचे गहू असेच पडून कुजणार."

पण एक गोष्ट मला माहीत होती. मास्तरीणबाई गेल्या त्याच्या आधीची. त्यांच्या पोटाचा फोटो ह्याच माणसाने काढला होता. त्या आत नळीत, हे काचेमागे. रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर तेव्हा सुट्टीवर, तर तीन दिवस लागले. ते तीन दिवस दोघं समोरासमोर बसून जेवत होते. त्या विचारायच्या, काय दिसलं हो? हे म्हणायचे, डॉक्टर सांगतील. मास्तरीणबाईंनी मला सांगितलं होतं, "तोंड बघून कळतं गं, पण ह्यांनी तोंडाला कुलूप घातलंय." पुढे वर्ष काढलं त्यांनी. मास्तर त्यानंतर आणखीच गप्प झाले. पण मला वाटतं त्या तीन दिवसांचं काहीतरी त्यांच्या घशात अडकून राहिलं होतं. नाहीतर फरशीवाल्याच्या वेळी ते बोललेच नसते.

फरशीवाला तिसऱ्या मजल्यावर राहतो. बेचाळिशीचा गडी, दिवसभर गुडघ्यांवर. फरशी बसवणं म्हणजे देवाला न भेटता आयुष्यभर लोटांगण, असं मी म्हणायचे. त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर काळे घट्टे होते, टाचांसारखे. काम मात्र असं की नजर लागावी. बसवून झालेल्या जमिनीवर तो रांगत जायचा आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने एकेक फरशी ठोकायचा. भरीव वाजली तर पुढे. पोकळ वाजली तर उखडून परत. माझ्या मोरीत त्याने दोन फरश्या तीन वेळा उखडल्या. मी म्हटलं, "अरे, इथे कोण ठोकून बघायला येतंय?" म्हणाला, "ताई, मी येतो ना."

त्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली काढल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या नावावर काम मिळालं होतं. एका मोठ्या सभागृहाची अख्खी फरशी. सोमवारी सुरू करायचं. नाही आलास तर दुसरी टोळी तयार आहे, असं ठेकेदाराने साफ सांगितलेलं. आणि त्याच्या तीन आठवडे आधी हा पठ्ठ्या एका स्वयंपाकघरात फरशी बसवून उठताना वळला, गुडघ्यात कट् आवाज झाला, आणि संध्याकाळपर्यंत गुडघ्याचा भोपळा. हाडाच्या डॉक्टरांनी दाबून, वाकवून, पिळून बघितलं. म्हणाले, एमआरआय करा, आणि मी बघेपर्यंत उकिडवं बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही.

फरशीवाल्याला गुडघा टेकू नको म्हणजे माशाला पोहू नको.

शनिवारी सकाळी एमआरआय झाला. मास्तरांच्याच हातून. फरशीवाला जिन्यात बसून सगळ्यांना सांगत होता. "पाय एका पिंजऱ्यात अडकवला. कानात बोळे. आणि मग काय तो आवाज! आमचं फरशी कापायचं यंत्र परवडलं. वीस-पंचवीस मिनिटं नुसतं ठाक ठाक, घर्रर्र, ठाक ठाक. मास्तर माइकवर सांगतायत, छान, असाच राहा. मी म्हटलं, बसवलेली फरशीसुद्धा एवढी गप्प नसते."

"आणि मास्तर काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, रिपोर्ट सोमवारी संध्याकाळी."

"आणि हाडाचे डॉक्टर?"

"मंगळवारी सकाळी."

"आणि सभागृह?"

उत्तर त्याच्या बायकोने दिलं. ती दारात उभी होती. "सोमवारी सकाळी आठला," ती म्हणाली. "ताई, तुमचं ऐकतात मास्तर. नुसतं एवढं विचारा, फाटलंय का नाही."

माझं कुणी ऐकत नाही, मी बोलते म्हणून लोक थांबतात एवढंच. पण 'तुमचं ऐकतात' म्हटल्यावर कुठला भोंगा गप्प बसेल?

डोकं माझंच. मी विचार केला, वाचायला सांगितलं की हात पाठीमागे जातात. मग वाचायला सांगायचंच नाही. शिकवायला सांगायचं. संध्याकाळी उजेड असतानाच फरशीवाल्याला लंगडत लंगडत एक मजला खाली आणला, पाकीट माझ्या हातात. पिना तसराळ्यात टाकल्या.

"मास्तर, रिपोर्ट नकोय आम्हाला," मी म्हटलं. "ह्याच्या गुडघ्याचं काय आहे ते डॉक्टर सांगतील. पण हा बिचारा विचारतोय, ही चित्रं असतात कशाची? कुठलं हाड, कुठलं मांस? अहो, स्वतःचं घर बाहेरून तरी ओळखता यावं माणसाला. शाळा घ्या ना एक तास."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना डाव कळला होता, ते काही बुद्दू नव्हेत. पण मग त्यांनी फरशीवाल्याकडे बघितलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला होता, पाय पुढे ताठ काढून, दोन्ही तळहात मांडीवर पालथे. का कोण जाणे, मास्तरांनी पाकीट घेतलं.

फिल्म खिडकीच्या काचेला लावली. एका फिल्मेवर वीसेक चौकोन, सगळे जवळजवळ सारखे. मला तर वाटलं, एकच फोटो वीस वेळा छापून माणसाला फसवतात की काय.

"हा गुडघा बाजूने बघतोय आपण," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज वेगळाच लागला, बावीस वर्षांचा गंज झाडल्यासारखा. "समज, गुडघा ह्या अंगापासून त्या अंगापर्यंत उभा कापत गेलो, पावासारखा. एकेक चौकोन म्हणजे एकेक काप. जाडी तीन-चार मिलिमीटर. दोन कापांमध्ये थोडी फट सुटते."

"हे वरचं मांडीचं हाड," त्यांनी एका चौकोनावर बोट ठेवलं. "हे खालचं नडगीचं. ही पुढे वाटी. ह्या फोटोत पाणी पांढरं दिसतं. चरबी मुद्दाम काळपट केलेली असते, म्हणून हाडाच्या आतलं असं करडं. हे पांढरं दिसतंय ना वाटीच्या वर? पाणी. सूज आहे तुझी."

"आणि हे दोन काळे त्रिकोण?" फरशीवाल्याने विचारलं. त्याची नजर बारकीच. आयुष्यभर सांधे बघितलेला माणूस.

"शाब्बास. ती गादी. दोन हाडांमधली. खरं तर ती चंद्रकोरीसारखी वाकडी आहे, आणि गुडघ्यात अशा दोन असतात, आतल्या अंगाला एक, बाहेरच्या अंगाला एक. ही आतली. मधून कापली की तिचं पुढचं टोक इथे, मागचं टोक इथे, म्हणून दोन त्रिकोण. त्रिकोण सगळा काळा असावा."

"मागचा नाहीये सगळा काळा."

मास्तरांनी बोट त्या त्रिकोणावर नेलं. "नाही. त्यात एक रेघ आहे. करडी पांढरी."

फरशीवाल्याने खुर्ची काचेपाशी ओढली. मीसुद्धा पुढे सरकले.

"म्हणजे फाटली?"

"रेघ म्हणजे फाटणं नव्हे. गादी वापराने आतून झिजते, तेव्हाही रेघ दिसते. रेघ गादीच्या वरच्या किंवा खालच्या काठाला जाऊन भिडली तर ते फाटणं धरतात. आत राहिली तर बहुतेकदा नाही."

"मग ही?"

मास्तर वाकले. चष्मा वर केला. "ह्या चौकोनात ही काठाला पोचलेली नाही."

फरशीवाल्याने एवढा मोठा श्वास सोडला की काचेवर वाफ धरली.

"थांब," मास्तर म्हणाले. "ह्या चौकोनात, म्हणालो मी. शेजारी दुसरे चौकोन आहेत. शिवाय समोरून काढलेले वेगळे, वरून काढलेले वेगळे. रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर सगळे पुढेमागे करून, एकमेकांशी ताडून बघतात. आणि तेही पुरत नाही. हाडाचे डॉक्टर हात लावून बघतात. फोटोत दिसलेलं दुखत नसतं, आणि दुखतंय ते फोटोत दिसत नाही, असंही होतं. मी हात लावत नाही. तू कधी एक फरशी ठोकून अख्खी खोली पास केलीस का?"

"नाही."

"मग?"

फरशीवाला हसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. "पण मास्तर, पहिलीच फरशी भरीव वाजली की जीव भांड्यात पडतोच ना."

"मग पुढचा चौकोन बघा की," मी म्हटलं. मला कुठे धीर. "वीस आहेत. शाळा सुटायला वेळ आहे."

मास्तरांचं बोट त्या चौकोनावरून निघालं, शेजारच्यावर गेलं. तिथे ते टेकलंसुद्धा. आणि मग त्यांनी हात काढून घेतला. दोन्ही हात पाठीमागे.

"नाही. इथपर्यंत शिकवणं होतं. ह्याच्यापुढे वाचणं."

"सोमवारी बसू का मग गुडघ्यावर?" फरशीवाल्याने विचारलं.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"टेकू नको म्हणाले."

"मग तेच."

फरशीवाल्याचा चेहरा परत पडायला लागला. आणि तेव्हा मास्तरांनी जे बावीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. पुढे होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. "घाबरू नकोस," म्हणाले.

बस्स. एक थाप आणि दोन शब्द.

तो जिना चढेपर्यंत मी कठड्यावरून वर ओरडले होते, "अगं, फाटलेलं नाही! मास्तरांनी बघितलं!" तिसऱ्या मजल्यावर त्याची बायको दारातच होती. तिने देवाला हात जोडावेत तसे माझ्याकडे बघून जोडले. तळमजल्यावरच्या शिंपिणीला पण मीच सांगितलं, पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त हेडक्लार्कलाही. चौकोन, काप, काठ, फट, शेजारचे फोटो, ह्यातलं काहीही मी कुणाला सांगितलं नाही. एवढं लांबलचक जिन्यात कोण ऐकतंय? माझ्या तोंडून मास्तर फक्त 'नाही' म्हणाले, आणि जिनाभर तेच फिरलं. मास्तरांचं दार उघडं होतं, त्यांनी माझा आवाज ऐकला असणार. ते बाहेर आले नाहीत.

सोमवारी आठला फरशीवाला सभागृहात. मंगळवारी हाडाच्या डॉक्टरांकडे गेलाच नाही. बायको म्हणाली, जा ना, रिपोर्ट तरी आणा. तो म्हणाला, "रिपोर्ट काय करायचाय? ज्याने फोटो काढला त्याने पाठ थोपटली." तिलाही पटलं. मलाही पटलं, मी तिथेच बसले होते.

बुधवारी दुपारी उकिडवा बसून त्याने एक फरशी टेकवली, उठायला गेला, आणि गुडघा वाकलेला तो वाकलेलाच. सरळ होईना. जबरदस्तीने ताणायला गेले तर असा ओरडला म्हणे की सभागृहात घुमलं. चौघांनी एका फळीवर बसवून सामानाच्या टेम्पोतून आणला.

दवाखान्यात मीही गेले होते. भोंगा सगळीकडे जातो. हाडाचे डॉक्टर भले माणूस, आवाज चढवला नाही. रिपोर्ट सोमवारपासून सेंटरच्या ट्रेमध्ये पडून होता, तो मागवला, आणि फोटो कॉम्प्युटरवर लावून दाखवले. तिथे ते हलतात. माउसचं चाक फिरवलं की एकामागून एक काप सरकत जातात. मला तो चौकोन लगेच ओळखू आला. काळा त्रिकोण, करडी रेघ, काठापासून अलीकडे थांबलेली.

"इथे आत आहे," डॉक्टर म्हणाले. चाक एक खूण पुढे. "आणि इथे बघा."

रेघ खालच्या काठाला भिडली होती. त्याच्या पुढच्या कापातही. केसाएवढी, पण भिडलेली.

"हे शनिवारचे फोटो. ही चीर तेव्हाही होती. त्यानंतर तुम्ही दोन-तीन दिवस गुडघा वाकवून त्यावर वजन टाकलंत. ती लांबली, आणि गादीची आतली पट्टी सुटून बादलीच्या कडीसारखी मधे पडली. म्हणून गुडघा अडकलाय."

"शिवता येईल?" फरशीवाल्याने विचारलं.

"आत बघितल्यावर कळेल."

आत बघितलं. पट्टी चुरडली होती, काठ चिंधीसारखे झाले होते. शिवण्यासारखं राहिलं नव्हतं. तेवढा भाग कापून काढला. फरशीवाल्याच्या बायकोने विचारलं, मंगळवारी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, "कदाचित शिवता आली असती. कदाचित नाही."

त्या 'कदाचित'वर ती आजतागायत झोपते आणि उठते.

ती सेंटरवर गेली आणि तिथे जे काही बोलायचं ते बोलली. भरल्या वेटिंग हॉलमध्ये. "ह्यांचा माणूस म्हणाला, फाटलेलं नाही. पाठीवर थाप मारून म्हणाला, घाबरू नकोस." भिंतीवर पाटी होती, तपासणीत काय दिसलं हे कर्मचाऱ्यांना विचारू नये, ते सांगणार नाहीत. तिने त्या पाटीवर हात आपटला. सेंटरच्या साहेबांनी मास्तरांना आत बोलावलं. विचारलं, फोटोबद्दल बोललात का? मास्तर म्हणाले, बोललो.

तेवढंच म्हणाले. ठोकलेल्या फरशीचं सांगितलं नाही, 'ह्या चौकोनात' किती वेळा म्हणाले ते सांगितलं नाही. पाकीट कुणी आणलं, शाळेची युक्ती कुणाची, जिन्यात कोण ओरडलं, काहीच नाही. आणि मला कुणी विचारायला आलं नाही. मीही गेले नाही. म्हटलं, विचारलं तर सांगू. हात दाखवून अवलक्षण कशाला? जगभरच्या गोष्टी न विचारता सांगणारी मी, ह्या एका बाबतीत मात्र कुणीतरी विचारायची वाट बघत बसले.

मास्तरांची नोकरी गेली नाही. साहेबांनी मेहरबानी केली. फक्त काचेमागून उठवून बाहेर कपडे बदलायच्या खोलीपाशी बसवलं. आता ते लोकांकडून फॉर्म भरून घेतात, आणि चाव्या, पट्टे, घड्याळं काढून घेऊन लॉकरमध्ये ठेवतात. काचेमागे एक नवी मुलगी आहे, हुशार, मास्तरांनीच शिकवलेली.

चार महिन्यांनी आमच्या ह्यांची कंबर पुन्हा धरली. एमआरआय सांगितला. दुसऱ्या सेंटरवर जाऊ म्हटलं, पण हे ऐकेनात. गेलो. मास्तर समोर. बाजूला तसंच तसराळं, जरा मोठं.

"पेसमेकर आहे?" त्यांनी ह्यांना विचारलं. "शरीरात कुठे स्क्रू, प्लेट, क्लिप? डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?" एकेक खूण करत गेले. हे आत गेले. ठाक ठाक सुरू झालं. दारातून कमी ऐकू येतं, लांबच्या कुणाच्या घरचं काम चालल्यासारखं.

मी सवयीने केसातल्या दोन पिना काढून तसराळ्यात टाकल्या. मिशीचं टोक हललं नाही.

"तुम्ही आत जात नाही ना वहिनी, मग राहू द्या."

मी पिना तशाच ठेवल्या. "मास्तर," मी म्हटलं, "एक विचारू? त्या दिवशी तुमचं बोट पुढच्या चौकोनावर गेलं होतं."

ते फॉर्म नीट एकावर एक रचत होते. सगळे कोपरे जुळेपर्यंत रचले.

"सकाळी फोटो काढतानाच मला तिथे काहीतरी वाटलं होतं," ते म्हणाले. "काय ते नाही. वाटलं. आम्ही बघतो पेशंट हलला का, फोटो फिस्कटला का. पण बावीस वर्षांत डोळा आणखी काही शिकतोच की. वाटलेलं खरं असतंच असं नाही. दहा वेळा मला वाटलं आणि काही नसायचं. एकदा काही वाटलं नाही, आणि..." मला कळलं, मास्तरीणबाईंच्या फोटोबद्दल बोलतायत. "म्हणून हात काढला."

"मग थाप कशाला मारलीत?"

"त्याचं तोंड बघवेना."

"नुसतं म्हणाला असतात, मला पुढचा चौकोन बरा वाटत नाही, मंगळवारपर्यंत थांब."

"म्हणालो असतो आणि काहीच नसतं, तर त्याचं सभागृह गेलं असतं. मग तुम्ही जिन्यात काय ओरडला असतात?"

मी तसराळ्यातल्या पिना बोटाने एका बाजूला सारल्या. आतलं ठाक ठाक थांबलं आणि नवा आवाज सुरू झाला, गुरगुरल्यासारखा.

"शिकवायलाच नको होतं," मास्तर म्हणाले. "नाहीतर मग बोट उचलायला नको होतं. मधेच थांबलो." मग त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली आणि त्याच्या खिशाकडे बघितलं.

सभागृहाचं काम दुसऱ्या टोळीने पुरं केलं. फरशीवाला आता कुणाच्या तरी कामावर प्लास्टिकच्या स्टुलावर बसतो, हातात एक लांब काठी. तिच्या टोकाला लाकडाचा गोळा बसवलाय, त्याने तो इतरांनी बसवलेल्या फरश्या ठोकून बघतो. गुडघा टेकत नाही. टेकवता येत नाही असं नाही, पण रात्रीपर्यंत फुगतो. पोरं बसवतात आणि हा म्हणतो, ही काढ, ही पण काढ. पोरं त्याला मागून शिव्या घालतात. कान शाबूत आहे त्याचा.

संध्याकाळी जिना चढतो तेव्हा काठी आधी, मग चांगला पाय, मग दुसरा. दुसऱ्या मजल्यावर मास्तरांच्या दाराशी न थांबता जातो. मास्तरही त्या वेळेला दार लावून घेतात. बायको तर त्या दाराकडे बघतही नाही. माझ्याशी मात्र दोघं बोलतात. माझ्यावर त्यांचा काडीचा राग नाही. मी काय, नुसता भोंगा. वाजतो तो वारा, असं त्यांना वाटत असेल.

परवा तो माझ्या दारापाशी दम घ्यायला थांबला. मी पाणी दिलं.

"तुम्ही गेला होतात म्हणे सेंटरवर, दादांच्या कमरेसाठी," तो म्हणाला.

"हो."

"मास्तर भेटले?"

"भेटले."

त्याने पेला दोन्ही हातांत धरला होता. समोरचं मास्तरांचं बंद दार त्याच्या पाठीमागे होतं. "ताई, एक विचारायचंय. खरं सांगा. त्यांना त्या दिवशी दिसलं होतं का? ते काही म्हणाले?"

बावीस वर्षं मास्तर ह्याच प्रश्नापुढे हात मागे बांधून उभे राहत आले, आणि मी त्यांना आखडू म्हणत आले. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. वाटलं होतं, पण दिसलं नव्हतं, आणि वाटलेलं खरं नसतं, आणि तुझं तोंड बघवेना, आणि तुझं सभागृह. पण ह्यातला कुठला तुकडा आधी द्यायचा? कुठलाही दिला तरी वर जाईपर्यंत त्याचं 'दिसलं होतं' होणार. आणि वर बायको आहे. आणि सेंटरला साहेब आहेत. आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी कठड्यावरून ओरडणारी मी आहे, तेही सांगावं लागेल.

"नाही रे," मी म्हटलं. "काही बोलले नाहीत."

त्याने मान हलवली. पेला परत दिला. काठी पुढच्या पायरीवर टेकवली, आणि जुन्या सवयीने, चढायच्या आधी, ती पायरी एकदा ठोकून बघितली.